दिव्याचं कुरण

शांप्रो, १२ जून १७९१

ब्लेझ,

तुझ्या बहिणीला, क्लोडीनला, मातीत ठेवलं त्या दिवशी तू मला म्हणालास, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." चार महिने मी ते पाळलं. आज लिहितो आहे ते काम आहे म्हणून. तू सुखरूप स्वित्झर्लंडला पोचलास हे बाबेतकडून कळलं. चर्च झाडणाऱ्या बाईला पत्र येतं आणि मेव्हण्याला येत नाही, याबद्दल मी काही म्हणत नाही.

कामाचं सांगतो. दानांचं काळं पुस्तक तू जाताना बरोबर नेलंस. नव्या सरकारची शपथ घेतलेल्या पाद्र्याच्या हाती ते पडू नये, असा तुझा विचार असेल. त्यातलं एक पान मला हवं आहे. तुझ्या पणजीने, मार्गोआजीने, वेदीपुढच्या दिव्यासाठी कुरण दिलं ते पान. सन १७३१.

दिव्याचं कुरण विक्रीला निघालं आहे. तीन अक्रोड आणि खालचं गवत, सगळं मिळून जेमतेम एक एकर. सरकारने चर्चकडून घेतलेल्या, म्हणजे देशाच्या मालमत्तेच्या यादीत त्याचा आकडा एकशे बारा.

त्याची मोजणी आणि किंमत मीच केली. तुला ते बाबेतने कळवलंच असेल, म्हणून आधी मीच सांगतो. जिल्हा कचेरीने आपल्या भागासाठी दोन मोजणीदार नेमले आहेत, त्यातला एक मी. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा आला असता, आणि त्याला अक्रोड आणि ओक यातला फरक कळत नाही.

या कुरणापायी मी तीनदा कचेरीत जाऊन आलो. जायला चार तास, यायला चार तास. पहिल्यांदा कारकून म्हणाला, "हे मठाचं दिसतंय, मठाच्या खिडकीवर जा." मठाच्या खिडकीवरचा म्हणाला, "हे गावच्या चर्चचं. गावच्या चर्चच्या जमिनी अजून विकायच्या नाहीत. निश्चिंत घरी जा." मी निश्चिंत घरी आलो. आठ दिवसांनी यादी लागली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच माणसाने मला छापील कायदा दाखवला. गावच्या चर्चच्या बाकी जमिनी राहतील. पण मृतांसाठीच्या प्रार्थना किंवा असल्या सेवेसाठी कुणी लावून दिलेली जमीन आताच विकायची. पैसे सरकार घेणार आणि त्यावर चार टक्के व्याज पाद्र्याला देणार, म्हणजे सेवा बंद पडायला नको.

मी म्हटलं, "साहेब, व्याज दिव्यात घालून पेटतं का?"

तो म्हणाला, "व्याजातून तेल विकत घ्या. सगळं जग घेतं."

कायद्यावरची तारीख पाहिली. दहा फेब्रुवारी. क्लोडीन नऊला गेली.

आता पानाचं. लहानपणापासून आपण तिघांनी ऐकलंय की मार्गोआजीने अट घातली होती : दिवा एक वर्ष आणि एक दिवस विझलेला राहिला, तर कुरण घराण्याकडे परत. देणाऱ्याने अशी अट घातली असेल तर ती विचारात घेऊ, असं कचेरी म्हणते. पण मूळ कागद हवा. आजीने ते वकिलासमोर केलंच नाही, तेव्हाच्या पाद्र्याने पुस्तकात लिहून घेतलं आणि तिने खाली क्रूस काढला. म्हणजे कागद फक्त तुझ्याकडे.

अट खरी असेल तर विक्री निदान लांबेल. नसेल तर लाकडाचा व्यापारी मोरिझो कुरणाला दोनदा फेरी मारून गेलाय. त्याला गवत नकोय. बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडाचं लाकूड लागतं, आणि सध्या जो तो बंदूक मागतो आहे.

पान पाठव. एवढंच.

लाझार


शांप्रो, १७ जुलै १७९१

ब्लेझ,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, तरी टपालवाल्याने पैसे पूर्ण पत्राचे घेतले. "घुसखोर ज्या वेदीवर उभा आहे तिथला दिवा हा दिवाच नव्हे. मी निघालो त्या दिवशी तो विझला; वर्ष मोज आणि वाट पाहा."

मी काल चर्चमध्ये जाऊन पाहिलं. दिवा पेटलेला आहे. मी खाली उभं राहून पाहिला, बाजूने पाहिला. ज्योत होती.

तुझं म्हणणं मला समजत नाही असं समजू नकोस. जानेवारीत त्या रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर मेयर शपथेचा कागद घेऊन पुढे आला, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होतो. तू म्हणालास, "माझी शपथ एकदा झाली आहे," आणि आत निघून गेलास. क्लोडीनने माझा हात दाबला होता. तुझा अभिमान वाटला तिला. मलाही वाटला, ते मी तेव्हा बोललो नाही. पण कचेरीच्या कारकुनाला मी काय सांगू? साहेब, दिवा दिसतो पेटलेला, पण माझ्या मेव्हण्याच्या मते तो विझलाय?

आणि पान तू पाठवलंच नाहीस. त्याबद्दल एक शब्द नाही.

तुझ्या जागी जिल्ह्याने निवडून पाठवलेल्या माणसाचं नाव फादर रॉब्लो. आधी मठात संन्यासी होता. मठ बंद झाले तेव्हा त्याला पेन्शन आणि घरी जाण्याची मुभा मिळाली, पण घर म्हणून जिथे जायचं तिथे कुणी उरलं नव्हतं. वय साठ. उपदेश इतका हळू करतो की पुढच्या बाकालाच ऐकू जातो, आणि पुढच्या बाकावर कुणी बसत नाही.

बाबेत त्याच्याशी बोलत नाही. चर्च मात्र झाडते. मी विचारलं, "का गं, झाडतेस कशाला मग?"

"केर काय शपथ घेऊन आलाय?"

"आणि दिव्यात तेल?"

"ते नाही. तेलाला मी हात लावणार नाही. तो भिक्षू चढतो स्वतः शिडीवर. पडेल एक दिवस. मी बघत नाही त्याच्याकडे, पण पडेल."

क्लोडीनने फोडलेल्या अक्रोडांचं तेल जूनमध्ये संपलं. आता रॉब्लो स्वतःच्या पगारातून आणतो. पगार कागदी नोटेत येतो, आला तर. यंदा एकदा आला, तोही पन्नासाची एक नोट. ती घेऊन तो सहा गावं फिरला. तेलवाला म्हणाला, फादर, तुम्हाला पाच पैशांचं तेल देऊन बाकी मोड मी आणू कुठून? शेवटी तेल उधार मिळालं. नोट अजून त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

म्हणजे आता असं आहे. कुरण परत मिळायचं तर दिवा विझला पाहिजे. दिवा विझत नाही, कारण ज्याला तू घुसखोर म्हणतोस तो उधारीवर तेल आणून तो जळता ठेवतो. आणि अट खरी आहे की नाही हे ज्या पानावर आहे ते पान तू देत नाहीस. मी जमीन मोजणारा माणूस आहे. मला असल्या गोष्टी मोजता येत नाहीत.

पान पाठव.

लाझार


शांप्रो, ४ सप्टेंबर १७९१

फादरसाहेब,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे बाबेतचे टपालाचे पैसे वाचतील.

मी रॉब्लोकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं, अटीचंही. तो वाटाणे सोलत होता. तुमच्याच स्वयंपाकघरात, तुमच्याच बाकावर. हातातली शेंग संपवली. मग म्हणाला, "आमच्या मठात चांदीचा दिवा होता. अधिकारी आले, यादी केली, त्यांनी तो तराजूत घातला. आत तेल होतं. वजन चुकेल म्हणून ते ओतून द्यायला सांगितलं. मी तिथे जवळ होतो, म्हणून मीच ओतलं. माणसं वाईट नव्हती. एकाने मला पावतीही दिली."

मी म्हटलं, "फादर, मला ते विचारायचं नव्हतं."

"माहीत आहे. तुमच्या पत्नीची जमीन तुम्हाला मिळणार असेल तर मी तेल घालायचं थांबवतो. माझं काय जातं? इथे मी कुणाला नकोच आहे. फक्त तो तुम्ही येऊन विझवा. मी एकदा ओतलंय, पुन्हा नाही."

मी गेलो, ब्लेझ. शिडी लावली. वर चढलो. ज्योतीच्या इतकं जवळ गेलो की मिशी पोळली. आणि मग वात सरळ केली, काजळी काढली आणि खाली उतरलो.

तू मला कशाबद्दल क्षमा करत नाहीस ते मला ठाऊक आहे. क्लोडीन गेली त्या दुपारी मी मठाचा द्राक्षमळा मोजत होतो. तिला ताप होता, पण सकाळी बरी वाटली. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "फोडलेले अक्रोड घाण्यावर न्यायचे आहेत, विसरू नका." मी मोजणीची साखळी खांद्यावर टाकली आणि "बरं" म्हणालो. मी परत आलो तेव्हा तू तिच्याजवळ होतास. तिचं शेवटचं बोलणं तू ऐकलंस. मी ऐकलं ते एवढंच, अक्रोडांचं.

ते मी दुसऱ्या आठवड्यात घाण्यावर नेले. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

लिलाव पुढच्या महिन्यात. अजून वेळ आहे.

लाझार


शांप्रो, २३ ऑक्टोबर १७९१

ब्लेझ,

कुरण मी विकत घेतलं.

पहिल्या लिलावात मोरिझोने मी ठरवलेल्या किमतीवर बोली लावली. तिथे लगेच काही ठरत नाही. ती बोली भिंतीवर लावतात, आणि पंधरा दिवसांनी शेवटचा लिलाव. मी शेवटच्याला गेलो. मोजणीदाराला आपण किंमत केलेली जमीन घेता येते का, हे आधी लेखी विचारलं. तोंडी उत्तर मिळालं : "आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं, म्हणजे येत असावी."

लिलाव मेणबत्तीवर होतो, तुला माहीत असेल. बोटाच्या पेराएवढ्या मेणबत्त्या, दोन-चार मिनिटं जळतात. एक पेटवायची, ती जळेपर्यंत बोली. कुणी बोली लावली की पुन्हा नवी. बोलीशिवाय विझली की जमीन शेवटच्या माणसाची. त्या मेणबत्त्या मठातूनच आलेल्या होत्या. कारकुनाने त्या पेटीवर 'देशाची मालमत्ता' अशी चिठ्ठी लावली होती, आणि एका वेळी एकच काढून देत होता.

मोरिझो माझ्या शेजारीच बसला. "लाझार, तुला कशाला हवीत झाडं?"

"तेलाला."

"तेलाला तीन झाडं? तेल मी देतो तुला, बरणीभर, दर वर्षी. चल, उठ."

मी बोली वाढवली. त्याने वाढवली. सात मेणबत्त्या गेल्या. आठवीला तो म्हणाला, "तू किंमत केलीस तेव्हाच कमी लावायची होतीस. मूर्खपणाचं काम केलंस," आणि टोपी घातली. मी ज्योतीकडे पाहत राहिलो. विझायला फार वेळ लागला. जन्मात पहिल्यांदा मी एक ज्योत विझावी म्हणून देवाकडे मागितलं, आणि ते कशासाठी, तर दुसरी विझू नये म्हणून. कचेरीत बसून असलं काही मनात येतं, तेव्हा माणूस थकलाय असं समजावं.

बारा टक्के ताबडतोब भरले. बाकी बारा वर्षांत.

गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबेत चर्चच्या दारात उभी होती. म्हणाली, "चर्चची जमीन घेणाऱ्याला मरताना पाद्री मिळत नाही. फादर ब्लेझनी लिहिलंय."

"घेतली नसती तर मोरिझोने झाडं तोडली असती."

"मग मोरिझोला पाद्री मिळाला नसता. तुझं काय जात होतं?"

मी घरी जाऊन हे पत्र लिहायला बसलो.

तुला जे लिहायचं ते लिही. मी वाचीन.

लाझार


शांप्रो, ११ डिसेंबर १७९१

ब्लेझ,

तुझं लांब पत्र मिळालं. सहा महिने दोन ओळींवर भागवलंस, आणि आता चार पानं. देवाच्या घरातलं घेणारा चोर, त्याला माफी नाही, कुरण परत करेपर्यंत आपलं नातं नाही, हे सगळं वाचलं. आणि पुरावा म्हणून तू ते पान कापून सोबत पाठवलंस. वरच्या ओळीखाली तू शाईने रेघ मारली आहेस : "मार्गो, ज्यां शाव्होची विधवा, आपल्या मृतांसाठी या चर्चच्या दिव्याला कायमचं अर्पण करते."

तुझी रेघ तिथेच थांबते. वाक्य थांबत नाही, खालच्या ओळीत जातं. मी ते पुढे वाचलं. अक्षर बारीक आहे, कबूल. पण मी कमी दिसणारा माणूस असून मला वाचता आलं.

"...अर्पण करते तिच्या कुरणातल्या तीन अक्रोडांचं तेल, झाडं उभी आहेत तोवर. कुरण आणि गवत तिच्या वारसांचं राहील."

पुन्हा वाच. तुझ्याकडे पान नाही, म्हणून मी मोठ्या अक्षरात उतरवून देतो आहे. तेल. फक्त तेल. जमीन तिने कधी दिलीच नव्हती. दिवा विझल्यावर परत येण्याची अटही नाही, कारण परत यायला काही गेलंच नव्हतं.

आपण सगळे त्याला दिव्याचं कुरण म्हणत आलो. नाव तसं, म्हणून जमीनही दिव्याची. तुझ्या आधीच्या कुणा पाद्र्याने गवत भाड्याने द्यायला सुरुवात केली असेल. त्याच्यामागे तू बारा वर्षं ते भाडं चर्चच्या पेटीत टाकलंस, स्वतःच्या जमिनीचं. अक्रोड मात्र आपल्याच घरच्या बायका गोळा करत आल्या, का ते कुणी विचारलं नाही. आणि मोजणीच्या दिवशी मी विचारलं, "हे कुणाचं?" शेजारी म्हणाले, "दिव्याचं." मी लिहिलं : चर्च. माझ्या हाताने.

हे पान जूनमध्ये आलं असतं, तर यादीवर एक आडवी रेघ मारायची होती. एक.

कालच कचेरीत गेलो. पान खिशात ठेवलं, दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "समजा विकलेली जमीन चर्चची नव्हतीच असं निघालं, तर?"

"विक्री मोडत नाही. नव्या राज्यघटनेत लिहिलंय. खरेदीदाराला पूर्ण संरक्षण आहे."

"कुणापासून?"

"कुणीही हक्क सांगत आला तर त्याच्यापासून. मूळ मालकापासून."

"आणि खरेदीदार हाच मूळ मालक असेल तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तर त्याला स्वतःपासून संरक्षण आहे."

मी पुढे विचारलं, "आणि समजा चर्चला नुसतं तेल देणं लागत असेल, जमीन नाही?"

"तर ते तेल आता देशाला देणं लागतं. किती आहे? लिहून घेऊ का?"

मी म्हटलं, सहज विचारलं, आणि बाहेर पडलो.

कुरण तुम्हा भावंडांचं, निम्मं-निम्मं. लग्नाच्या करारात क्लोडीनने तिच्या वाट्याचं जे काही असेल ते मला लिहून दिलं होतं. म्हणजे मी तुझं अर्धं आणि माझं अर्धं सरकारकडून विकत घेतलं आहे, आणि त्यासाठी तू मला चोर म्हणतोस. मला रागावता येत नाही. रागवायला कुठून सुरुवात करायची ते ठरत नाही.

लाझार


शांप्रो, २० फेब्रुवारी १७९२

ब्लेझ,

तू लिहिलं नाहीस. या वेळी मला समजतं.

क्लोडीनला जाऊन नऊ तारखेला वर्ष झालं. अक्रोड मी ऑक्टोबरात झोडपले, माळ्यावर वाळवले, थंडीत फोडले. ती तीन दिवसांत फोडायची, मला तीन आठवडे लागले. घाण्यावर वेळेत नेले. विसरलो नाही.

नऊला तेल चर्चमध्ये नेलं. रॉब्लो शिडीला हात घालणार तोच मी म्हटलं, "फादर, हे मीच घालायला हवं. देणं आमच्या घराचं आहे." मी चढलो. शिडी हलत होती. अर्ध्यावर ती एकदम स्थिर झाली. खाली पाहिलं तर बाबेतने ती दोन्ही हातांनी धरली होती, तोंड भिंतीकडे करून.

"मी काही बघत नाहीये," ती म्हणाली. "तेल क्लोडीनचंच ना?"

"तिच्या झाडांचं."

"मग चल लवकर. हात दुखतात माझे."

रॉब्लोने क्लोडीनसाठी मिस्सा केली. तुझ्या दृष्टीने ती झाली नाही, हे मला माहीत आहे. तिकडे तू तुझी केलीस, हेही मला माहीत आहे; ते तू लिहायची गरज नाही. एकच लिही. ती तुला शेवटी काय म्हणाली. काहीच म्हणाली नसेल तर तसं लिही.

आता दुसरं, आणि ते नीट वाच. त्याच नऊ तारखेला पॅरिसमध्ये नवा कायदा झाला. देश सोडून गेलेल्यांची सगळी मालमत्ता सरकारच्या ताब्यात. काल मला कचेरीत बोलावून याद्या करायला सांगितल्या. तुझं नाव त्यात आहे. कारकुनाने विचारलं, "या पाद्र्याचं गावात काही आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"कुरण वगैरे?"

"कुरण माझं. देशाकडून घेतलंय. पावती आहे."

त्याने पुढे शून्य लिहिलं.

मार्गोआजीचं पान कुणाच्या हाती लागलं, तर त्यातलं अर्धं तुझं निघेल आणि ते पुन्हा मेणबत्तीवर चढेल. मला तेच कुरण दुसऱ्यांदा मोजायचं नाही. जाळायला हात होत नाही. खाली आजीचा क्रूस आहे. म्हणून ते या पत्रात परत पाठवतो आहे. तुझं अर्धं तुझंच आहे, फक्त ते कुठे लिहायचं नाही. परत येशील तेव्हा गवत तू काप, अक्रोड मी झोडपीन.

पान पुस्तकात जिथलं तिथे चिकटव. आणि या वेळी खालची ओळही वाच.

लाझार